चार टक्क्यांचा हंगाम: अनपेक्षित यशानंतर आलेल्या तोतयेपणाच्या भावनेचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. नोकरीतल्या अशा तक्रारींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारे तपशील एकत्र करून ते रचलं आहे, आणि त्यातले आकडे हिशेब उलगडून दाखवण्यासाठी घेतले आहेत. असं प्रकरण कसं तपासावं, हे दाखवणं हा हेतू आहे.

एका उत्पादक कंपनीत ती मागणीचे अंदाज बांधायची. नोकरीला आठ वर्षं झाली होती, त्यातली पहिली तीन गोदामात गेली. शिक्षण पदविकेपर्यंत. नियोजन विभागातल्या बाकी सगळ्यांकडे व्यवस्थापनाची पदवी. कंपनीची अंदाजाची पद्धत साधी होती: गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची विक्री घ्यायची आणि वर ठरावीक वाढ लावायची. तिने स्वतःच्या सोयीसाठी एक वेगळी फाइल बनवली होती. तिच्यात विक्रीबरोबर डीलरांकडून आगाऊ येणारी मागणीही धरलेली असे. ही आगाऊ मागणी गोदामाच्या नोंदवहीत पडून असते आणि विक्रीच्या आकड्यात तीन-चार आठवड्यांनी उतरते, हे तिला गोदामातल्या दिवसांपासून ठाऊक होतं.

त्या वर्षीच्या चार महिन्यांच्या हंगामात कंपनीच्या पद्धतीचा अंदाज सरासरी ३१ टक्क्यांनी चुकला. तिच्या फाइलचा फक्त ४ टक्क्यांनी. माल वेळेवर पोहोचला आणि वरिष्ठांच्या बैठकीत तिचं नाव निघालं. दोन महिन्यांत ती दोन पायऱ्या वर चढून सहा जणांच्या नियोजन गटाची प्रमुख झाली. तिने ना पदासाठी अर्ज केला होता, ना ते मिळेल अशी तिची कल्पना होती.

पाचव्या महिन्यात ती समुपदेशकाकडे आली तेव्हा तिची तक्रार एका वाक्यात होती: “बोलाफुलाला गाठ पडली आणि मला खुर्ची मिळाली. पुढच्या हंगामात माझं पितळ उघडं पडणार.”

दिवसभरातलं वागणं विचारल्यावर चित्र स्पष्ट झालं. दर आठवड्याचा अहवाल पूर्वी चार तासांत व्हायचा, आता नऊ तास लागत होते. पाठवण्याआधी ती तो चार वेळा तपासायची, त्यातलं शेवटचं तपासणं घरी, रात्री. बैठकीत एखादी गोष्ट कळली नाही तर विचारायची नाही, टिपून घेऊन नंतर शोधायची. गटातल्या लोकांना किचकट काम द्यायची नाही, कारण त्यांनी शंका विचारली आणि आपल्याला उत्तर आलं नाही तर? कुणी कौतुक केलं की “टीमने केलं” म्हणून विषय बदलायची. आपल्या पद्धतीबद्दल दुसऱ्या विभागासमोर बोलण्याची दोन आमंत्रणं तिने नाकारली होती.

या अनुभवाचं पहिलं नीट वर्णन पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये केलं. त्यांच्यासमोर आलेल्या स्त्रिया कर्तबगार होत्या, तरी आपण लोकांना फसवत आहोत असं त्यांना ठामपणे वाटायचं. पुढे अशीच भावना पुरुषांमध्येही आढळली. बोलताना ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणतात खरं, पण मानसिक आजारांच्या प्रचलित वर्गीकरणांमध्ये त्याची आजार म्हणून नोंद नाही. क्लान्स यांनी १९८५ मध्ये दिलेल्या प्रश्नावलीत २० विधानं असतात. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण २० ते १००. ६१ ते ८० मध्ये आलेल्या व्यक्तीला ही भावना वारंवार येते, ८० च्या वर तीव्रपणे येते, असं मानतात. हिचे गुण ७४ होते. मात्र हा आकडा निदान म्हणून वाचू नये. २०२० मध्ये ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात या भावनेचं प्रमाण ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत कुठेही निघालेलं दिसतं. कोणती प्रश्नावली वापरली आणि रेषा कुठे आखली यावर ते ठरतं. आपल्या कामासाठी एकूण गुणांपेक्षा कोणत्या विधानांना ५ दिले हे अधिक उपयोगी पडतं. तिने नशिबाबद्दलच्या आणि उघडं पडण्याच्या भीतीबद्दलच्या विधानांना ५ दिले होते. कौतुक स्वीकारता न येण्याबद्दलच्या विधानांना ४.

तिच्या वरिष्ठ मॅडम समंजस होत्या. त्यांनी तीनदा समजावलं होतं: “तू उगाच काळजी करतेस. तुझ्यात गुण आहेत म्हणूनच तुला निवडलं.” प्रत्येक वेळी तिला दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी घोर वाढला. अशा प्रकरणांत धीर देणं का फसतं, हे समजून घेण्यासारखं आहे. एक तर तिच्या शंकेचा अर्धा भाग खरा होता. त्या हंगामात नशिबाचा हात होता हे ती आकड्यांवरून ओळखून होती, आणि समोरचा माणूस ते नाकारतो म्हणजे त्याला आकडे कळलेले नाहीत, असा अर्थ ती काढायची. दुसरं असं की कौतुक निकालाचं होत होतं. ४ टक्क्यांबद्दल वाहवा झाली की पुढची अपेक्षाही ४ टक्क्यांचीच, असं तिच्या मनात पक्कं होत जायचं. म्हणून धीर देण्याच्या वाटेने न जाता तिची शंका गंभीरपणे घेऊन तपासायचं ठरलं.

तिच्या एका वाक्यात तीन वेगवेगळे दावे मिसळले होते: हे नशिबाने झालं, मला हे काम येत नाही, आणि लोकांना ते कळेल. तिन्हींची तपासणी वेगळी. ते वेगळे केले नाहीत तर एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जातो, आणि एवढ्याशा चुकीवरून माणूस ‘मी तोतया’ या निष्कर्षावर येतो.

पहिल्या दाव्यासाठी तिला तिच्याच हातचं काम दिलं. आधीच्या २४ महिन्यांवर तिची फाइल चालवून पाहायची, आणि प्रत्येक महिन्याचा अंदाज कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या अंदाजाशेजारी मांडायचा. अट एकच: ज्या महिन्याचा अंदाज काढायचा, त्याच्या आधीचीच माहिती वापरायची. ही अट पाळली नाही तर फाइलला उत्तर आधीच माहीत असतं आणि निकाल खोटा गोड येतो. तिचा पहिला प्रयत्न असाच फसला होता. आगाऊ मागणीला किती वजन द्यायचं हे तिने पूर्ण २४ महिने पाहून ठरवलं होतं, त्यामुळे चूक ९ टक्के दिसत होती. वजन दर महिन्याला फक्त मागच्या माहितीवरून ठरवल्यावर खरा आकडा आला.

तिच्या फाइलची सरासरी चूक १४ टक्के, जुन्या पद्धतीची १९. चोवीसपैकी १७ महिन्यांत तिचा अंदाज सरस ठरला, ७ महिन्यांत जुनी पद्धत. लागोपाठच्या चार-चार महिन्यांचे गट पाडून पाहिलं, तर तिची सर्वांत चांगली सरासरी ८ टक्के आणि सर्वांत वाईट १९. ४ टक्के कुठेच नव्हते.

या आकड्यांतून दोन्ही गोष्टी एकदम सिद्ध झाल्या. १९ वरून १४ वर येणं हे कौशल्य. दोन वर्षं टिकलेला पाच टक्क्यांचा फरक बोलाफुलाची गाठ नव्हे. आणि १४ वरून ४ वर येणं बहुतांशी त्या हंगामाचं देणं. त्याचं कारणही सापडलं: दुसऱ्या एका उत्पादकाचा पुरवठा सहा आठवडे अडकला होता, त्यामुळे डीलरांनी आपली मागणी नेहमीपेक्षा लवकर आणि ठळकपणे नोंदवली. तिची फाइल ज्या खुणेवर चालते ती खूण त्या चार महिन्यांत कधी नव्हे इतकी स्वच्छ होती, आणि जुनी पद्धत त्याच कारणाने आपटली. पुरवठा अडकणं तिच्या हातात नव्हतं. ती खूण टिपणारी फाइल तयार असणं होतं.

आता तिच्या भीतीकडे पुन्हा पाहू. पुढचा हंगाम इतका चांगला जाणार नाही, हे तिचं भाकीत बरोबर होतं. असाधारण निकालानंतरचा निकाल सरासरीकडे सरकतो, हा संख्याशास्त्राचा साधा नियम आहे आणि तो कुणाच्या लायकीवर ठरत नाही. तिचं चुकत होतं ते कारण लावण्यात. घसरण होणार हे तिला आतून कळत होतं आणि त्या घसरणीला ती ‘खरं रूप उघड होणं’ म्हणत होती. अनपेक्षित यशानंतरची तोतयेपणाची भावना हट्टी असते ती, आमच्या मते, मुख्यतः यामुळेच. माणूस घसरणीची वाट पाहत बसतो, घसरण येतेच, आणि त्याला पुरावा मिळाल्यासारखं वाटतं.

दुसरा दावा काम न येण्याचा. तिने नव्या पदाच्या कामांची यादी केली, अकरा कामं निघाली. प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण: स्वतः केलं आहे, कुणाच्या मदतीने केलं आहे, कधीच केलेलं नाही. पहिल्या रकान्यात चार, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार. कधीच न केलेली चार कामं म्हणजे वार्षिक खर्चाचा अंदाज, गटातल्या लोकांचं मूल्यमापन, वाहतूकदारांशी कराराची बोलणी आणि संचालकांसमोर मांडणी. म्हणजे ‘मला काम येत नाही’ यातही तथ्य होतं, पण ते चार कामांपुरतं. ही चारही शिकायची कामं, आणि ज्याने ती केलेली नाहीत त्याला ती येत नाहीत यात फसवणूक कसली? करारांसाठी आधीच्या प्रमुखांबरोबर दोन बोलण्यांत नुसतं बसायचं आणि तिसरं स्वतः चालवायचं ठरलं. खर्चाच्या अंदाजासाठी मागच्या दोन वर्षांच्या फाइली आणि लेखा विभागातल्या एका माणसाचा आठवड्याला एक तास. ही यादी करण्याआधी तिच्या डोक्यात अकराही कामं एकाच रंगाची होती.

तिसऱ्या दाव्याला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तो तिच्या वागण्यात मुरला होता. क्लान्स यांनी या वागण्याचं चक्र मांडलं आहे. काम समोर येतं, धास्ती वाटते, मग माणूस प्रमाणाबाहेर तयारी करतो किंवा शेवटपर्यंत टाळून घाईत उरकतो. काम चांगलं होतं, थोडा वेळ सुटल्यासारखं वाटतं. पण यशाचं श्रेय पहिल्या वाटेने गेल्यास जास्तीच्या कष्टाला जातं आणि दुसऱ्या वाटेने गेल्यास नशिबाला. आपल्या कुवतीच्या खात्यात काहीच जमा होत नाही. ही पहिल्या वाटेची होती. चार वेळा तपासलेला अहवाल बिनचूक गेला की ‘चार वेळा तपासला म्हणून’ असा निष्कर्ष निघायचा. दोनदा तपासूनही तो तसाच गेला असता का, हे कळायला तिने वावच ठेवला नव्हता.

म्हणून आठवड्याच्या अहवालावर सहा आठवड्यांचा प्रयोग ठरला. अहवालच निवडण्याचं कारण असं की तो दर आठवड्याला येतो, आणि त्यातली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. असा प्रयोग संचालकांसमोरच्या पहिल्याच मांडणीवर करणं अविचाराचं ठरलं असतं. वेळेची मर्यादा पाच तास, तपासणी दोनदा. सुरू करण्याआधी एका ओळीत भाकीत लिहायचं: किती चुका राहतील, कोण काय म्हणेल. पाठवल्यावर दोन दिवसांनी शेजारी प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. भाकीत आधी लिहिणं अत्यावश्यक, कारण निकाल कळल्यावर आपण काय धरून चाललो होतो हे माणूस प्रामाणिकपणे आठवू शकत नाही.

पहिले दोन आठवडे वाया गेले. कागदावर दोनच तपासण्या होत्या, पण रात्री झोपण्याआधी ती फोनवर अहवाल ‘नुसता बघायची’. हे लपलेलं तपासणं अशा प्रयोगांना हमखास पोखरतं. ओळखण्याची खूण सोपी आहे: वेळ कमी झाल्याची नोंद असूनही धास्ती तसूभर हलत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून अहवाल गटातल्या एका सहकाऱ्याने पाठवायचा असं ठरलं, म्हणजे रात्री बघून काही बदलता येणार नाही.

चौथ्या आठवड्यात खरोखरच चूक झाली. एका गोदामाचा आकडा नगांऐवजी खोक्यांमध्ये आला होता, एका खोक्यात बारा नग. तिच्या दोन्ही तपासण्यांतून तो निसटला. सहकाऱ्याला पाठवताना आकडा फारच लहान वाटला, त्याने विचारलं, वीस मिनिटांत दुरुस्ती झाली. तिच्या भाकिताच्या रकान्यात लिहिलेलं होतं: ‘चूक निघाली तर गटाचा विश्वास उडेल.’ प्रत्यक्षाच्या रकान्यात: ‘त्याने विचारलं, एककाचा रकाना वेगळा करूया का?’ त्या रात्री ती नीट झोपली नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. पण एककाचा स्वतंत्र रकाना झाला आणि ती चूक पुन्हा झाली नाही. तिची चौथी तपासणीही कदाचित ती पकडू शकली नसती, कारण चारही वेळा तीच नजर तोच आकडा पाहत होती. दुसऱ्या माणसाची एक नजर स्वतःच्या तीन फेऱ्यांपेक्षा कामाची असते, हे तिला कुणी सांगून पटलं नसतं.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवायला हवी. तिच्या तक्रारीतला काही भाग तिच्या मनातला नव्हताच. एका सहकाऱ्याने तिच्यादेखत म्हटलं होतं, “एक हंगाम लागला, बस.” प्रमुख म्हणून जिथे तिने असायला हवं, अशा तीन बैठकांची सूचना तिला मिळाली नव्हती. आजूबाजूचे लोक खरोखर शंका घेत असतील तर ‘हा तुझा न्यूनगंड आहे’ असं सांगणं अन्यायाचं आहे, आणि निरुपयोगीही. तिने फक्त घटना लिहिल्या: तारीख, बैठक, कोण बोलावलं गेलं, कोण नाही. तो कागद मॅडमसमोर ठेवल्यावर बैठकांची यादी आठवडाभरात सुधारली. शेरा मारणारा बदलला नाही, आणि त्याला बदलणं हे तिचं काम नव्हतं.

पुढच्या हंगामाआधी एक संवाद आवश्यक होता, तोही निकालाआधी. तिने २४ महिन्यांचा तक्ता घेऊन मॅडमची वेळ मागितली.

“मॅडम, मागच्या हंगामातली चार टक्के चूक पुन्हा येईल असं धरू नका. त्या वेळी डीलरांची मागणी लवकर दिसली होती. माझ्या पद्धतीची नेहमीची चूक चौदाच्या आसपास आहे. यंदा दहा ते अठराच्या मध्ये कुठेतरी येईल.”

“मग जुनी पद्धत काय वाईट होती?”

“तिची एकोणीस आहे. हे सतरा महिने आपण पुढे, हे सात महिने मागे.”

मॅडमनी तक्ता दोनदा पाहिला आणि विचारलं, “हे तू मला पदोन्नतीच्या वेळी का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “तेव्हा मी मोजलंच नव्हतं.” अठरा टक्के धरून किती जादा माल ठेवावा लागेल, यावर उरलेला अर्धा तास गेला.

हे बोलणं नम्रतेपोटी केलेलं नव्हतं, आणि तसं होऊही नये. ‘माझं काही नाही, नशीब होतं’ असं म्हणणं जितकं चुकीचं, तितकंच ४ टक्क्यांवर गप्प बसणंही. पट्टा सांगितला की गोदामात किती माल ठेवायचा ते ठरवता येतं; एकच गोड आकडा सांगितला तर ठरवता येत नाही.

हंगामाची चूक १६ टक्के आली. बैठकीत एका संचालकांनी विचारलं, “मागच्या वेळी तर चारच होती ना?” तिने तोच तक्ता लावला आणि जुन्या पद्धतीने यंदा २२ आली असती हे दाखवलं. पुढचा प्रश्न वाहतुकीच्या खर्चाबद्दल होता.

सहा महिन्यांनी प्रश्नावलीचे गुण ५८ झाले. हा आकडा मध्यम पट्ट्यात मोडतो, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. बऱ्या आठवड्यात भरलेली प्रश्नावली बरी येते. वागण्यातले बदल जास्त विश्वासाचे आहेत. अहवालाला साडेचार ते पाच तास लागतात, आणि ती तो दोनदा तपासते. किचकट कामांपैकी दोन गटातल्या लोकांकडे गेली आहेत. बैठकीत तिने विचारलेले प्रश्न सहकाऱ्यांना आठवतात. कराराची तिसरी बोलणी तिने चालवली; दर अपेक्षेपेक्षा थोडा चढा पडला. दुसऱ्या विभागासमोर बोलण्याचं आमंत्रण मात्र तिने पुन्हा नाकारलं, आणि कौतुक झालं की विषय अजूनही बदलते.

या पद्धतीची एक मर्यादा स्पष्ट आहे. तिचं काम मोजता येणारं होतं, म्हणून नशीब आणि कौशल्य आकड्यांत वेगळं करता आलं. एखाद्या चित्रकाराचं किंवा शिक्षकाचं अनपेक्षित यश असं चालवून पाहता येत नाही. तिथे आधीची कामं त्याच क्षेत्रातल्या दोन-तीन जाणत्यांना निकाल न सांगता दाखवणं, आणि कोणत्या निर्णयामुळे काम उभं राहिलं हे त्यांना नेमकं विचारणं, एवढंच हातात राहतं. त्यातून टक्के मिळत नाहीत, पण कौतुक निकालावरून निर्णयाकडे वळतं.

आणि अशा प्रकरणात पहिल्याच भेटीत तपासायची गोष्ट: दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटणं, एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणं, झोप-भूक बिघडणं, जगणं नकोसं वाटणं. हिच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. झोप मोडायची ती अहवालाच्या आदल्या रात्री, सुट्टीत ती मोकळी असायची. ही लक्षणं असतील तर तक्ते आणि प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचं, आणि जगणं नकोसं होत असेल तर त्याच दिवशी.